पार्श्वभूमी : ऑफिसमधली पाठदुखी आणि ‘सरळ बसा’चा आग्रह

पाठ-मानेच्या दुखण्यावर ऑफिसात व्याख्यान ठेवायचं म्हटलं की पहिली स्लाइड ठरलेली: कंबर, गुडघे, कोपर, सगळं काटकोनात. ही स्लाइड आली कुठून?

तिला मोठा आधार मिळाला १९६०-७० च्या दशकांत स्वीडनमध्ये झालेल्या मोजणीचा. कण्याच्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त दिसला आणि पुढे वाकून बसल्यावर आणखी वाढला. तिथून ‘वाकून बसणं वाईट’ हे समीकरण घट्ट झालं. पण १९९९ मध्ये जर्मनीत नव्या उपकरणानं केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. तीत ऐसपैस बसल्यावर दाब उभं राहण्याएवढाच, किंबहुना किंचित कमी भरला. अर्थात तिथे मोजलं होतं एकाच माणसाला. पुढे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या एमआरआय पाहणीत चकतीवर सर्वांत कमी ताण दिसला तो पाठ मागे रेलून, मांड्यांशी सुमारे १३५ अंशांचा कोन केल्यावर. तरी काटकोनाची स्लाइड हलली नाही. एकदा छापलेली तक्ती कोण बदलतो! शिवाय चकतीवरचा दाब म्हणजे दुखणं नव्हे. आखडून एकाच जागी तासन्‌तास बसलेल्या माणसाची पाठ काटकोनातही धरते.

व्याख्यानालाच खरा धक्का दिला २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यानं. नुसती माहिती देऊन कंबरदुखी टळल्याचं त्यात दिसलं नाही. व्यायाम आणि माहिती एकत्र दिली तेव्हा ती कमी झाली. म्हणून हल्लीचे बरे फिजिओथेरपिस्ट निम्मा वेळ लोकांना खुर्चीवरून उठवण्यात घालवतात.

२०२० च्या टाळेबंदीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप आला आणि कंबरेपेक्षा मान पुढे आली. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले. हात सुखावले तर मान खाली, मान सुखावली तर खांदे वर. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणायची आणि वेगळा कीबोर्ड घ्यायचा, एवढ्यानं हा पेच सुटतो.

सत्रात शिकवायला दोन ताण पुरतात. पहिला : नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची, वर-खाली नाही; पाच सेकंद धरून सोडायची, असं आठ-दहा वेळा. मानेच्या मागे ताण जाणवला तर बरोबर. गळा आवळल्यासारखा वाटला तर जोर जास्त झाला. दुसरा : उभं राहून तळवे कंबरेवर टेकवायचे आणि गुडघे न वाकवता हळूच मागे झुकायचं, पाच-सहा वेळा. हे अर्ध्या-पाऊण तासाने उठताना करायचं, सकाळी एकदाच उरकून टाकायचं नाही.

मागे झुकताना कळ पायात उतरू लागली तर थांबायचं. हातापायाला मुंग्या येऊन पकड सुटत असेल किंवा पाऊल ओढलं जात असेल, तर दुखणं स्ट्रेचिंगच्या पलीकडचं आहे, डॉक्टरांना दाखवायचं. लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.