ईसीजी नॉर्मल आला, तरी छातीत दुखलं ते खरंच होतं

आमच्याकडं गावात एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "रिपोर्ट तं सारे नॉर्मल हायेत, मंग हा कायले नाटक करून राह्यला?" छातीत दुखतंय, श्वास लागलाय, आता मरतो म्हणून माणूस रात्री दवाखान्यात नेला, सकाळी धडधाकट परत आला, की हे वाक्य ठरलेलंच. असा त्रास बऱ्याचदा पॅनिक अटॅकचा, म्हणजे अचानक उसळलेल्या भीतीच्या झटक्याचा असतो. मला त्या वाक्याचा फार राग येतो, कारण त्या माणसाच्या शरीरात त्या रात्री खरोखर मोठी उलथापालथ झालेली असते आणि ती शाळेतल्या रसायनशास्त्रावर समजावून सांगता येते.

यवतमाळकडच्या गावातला प्रसंग समजा. वय 31, पाच एकर सोयाबीन, कापून गंजी लावली आणि परतीच्या पावसात गंजी भिजली, त्यात सोसायटीचं कर्ज थकलेलं. रात्री अकराला अंगणात बसल्या बसल्या छाती आवळल्यासारखी झाली, धडधड वाढली, श्वास भराभर चालू झाला, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या. थोड्या वेळानं हाताची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळहाताकडं वळला. "माय, मी मरून राह्यलो" एवढंच तो म्हणत होता. एकानं सोडा पाजला, गॅस असंन म्हणून. दुसऱ्यानं बाहेरचं लागलं म्हणून अंगाऱ्यासाठी माणूस पाठवला, बोटं वाकडी झालेली पाहून तर सगळ्यांची खात्रीच पटली. त्याच्या काकानं तेवढं 108 ला फोन लावला हे बरं केलं.

ती बोटं वाकडी का झाली ते आता पाहू, माझ्या मते सगळी गंमत तिथंच आहे.

भीती वाटली की ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं आणि श्वास वाढतो. मोठा माणूस शांत बसला असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, पॅनिकमधे ते 30 च्या वर जातात. लोकांना वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, पण बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 98-99 दाखवतो, ऑक्सिजन आधीपासूनच भरपूर असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. एरवी रक्तात त्याचा दाब 40 च्या आसपास असतो (मिलिमीटर पाऱ्याचा), आणि फुप्फुसातून हवा गरजेच्या दुप्पट खेळवली तर हिशोबानं तो अर्ध्यावर, म्हणजे 20 वर येतो. हा वायू रक्तात विरघळून आम्ल बनवतो, म्हणून तो उडून गेला की रक्त अल्कलीकडं झुकतं, पीएच 7.4 वरून 7.55 च्या आसपास जातो. आकडा बारीक दिसतो पण शरीराच्या हिशोबानं हा मोठा धक्का आहे.

आता कॅल्शियम. रक्तातलं साधारण निम्मं कॅल्शियम मोकळं फिरतं आणि बरंचसं अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन म्हणजे एसटी समजा, तिच्या काही सीटवर हायड्रोजन आयन बसलेले. रक्तातलं आम्ल कमी झालं की हे आयन उतरतात आणि रिकाम्या सीटवर मोकळं कॅल्शियम जाऊन बसतं. एकूण कॅल्शियम तेवढंच, म्हणून साध्या कॅल्शियम तपासणीत काहीच सापडत नाही, पण मोकळं कमी झालं. मोकळं कॅल्शियम नसांना आवरून धरतं, ते घटलं की नसा विनाकारण संदेश सोडायला लागतात, आधी मुंग्या येतात आणि मग स्नायू आखडतात. वाकड्या बोटांचं कारण हे आहे, त्यात बाहेरचं काहीच नाही, आणि श्वास मंदावला की थोड्या वेळात बोटं आपोआप सुटतात.

त्याच कमी झालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळं मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, तिथला रक्तपुरवठा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटू शकतो, म्हणून गरगरतं, सगळं लांब गेल्यासारखं वाटतं आणि भीती अजून वाढते, भीतीनं श्वास अजून वाढतो. छातीचं दुखणं बहुतेक वेळा बरगड्यांमधले स्नायू दमल्यामुळं असतं, कारण माणूस पूर्ण श्वास न सोडताच वरून नवा घेत राहतो.

पण इतकं कळलं म्हणून घरीच "पॅनिक आहे, झोप" असं ठरवता येत नाही. हार्ट अटॅकमधेही घाम, भीती, श्वास सगळं असतं, शुगरवाल्यांना आणि बायांना तर कधी कधी छातीत धड दुखतही नाही. म्हणून पॅनिक हे निदान आधी हृदय तपासून मगच करायचं.

त्या रात्री रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा, तो निघाला आणि ठीक आला. पण पहिला ईसीजी ठीक असूनही अटॅक असू शकतो, म्हणून दुखणं चालू असेल तर 15 ते 30 मिनिटांनी परत काढतात. उलटंही होतं, नुसत्या जोराच्या श्वासानंही ईसीजीतली टी लहर उलटू शकते. मग ट्रोपोनिन बघतात. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे, स्नायूला इजा झाली की रक्तात झिरपतं, पण साध्या किटवर दिसण्याइतकं व्हायला 3-4 तास लागतात. अकराला दुखलं आणि बाराला टेस्ट निगेटिव्ह आली तर त्यावर सुट्टी द्यायची नाही, साध्या किटनं साधारण 6 तासांनी परत करायची, मोठ्या लॅबची संवेदनशील टेस्ट असेल तर 1 ते 3 तासांत भागतं. नातेवाईक नेमके इथंच घाई करतात, आराम पडला चला घरी म्हणून.

ट्रोपोनिन वाढत नाही असाही हृदयाचा त्रास असतो, त्यासाठी डॉक्टर हार्ट स्कोअर मांडतात. दुखण्याचं वर्णन, ईसीजी, वय, धोक्याच्या सवयी-आजार आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. या पोराच्या वर्णनाला 1, ईसीजी 0, वय 45 च्या आत म्हणून 0, बिडी ओढतो म्हणून 1, दोन्ही ट्रोपोनिन 0. एकूण 2. तीनपर्यंत धोका कमी समजतात, म्हणजे पुढच्या सहा आठवड्यांत हृदयाची मोठी घटना होण्याची शक्यता साधारण 2 टक्क्यांच्या आत, शून्य नाही. सोबत हिमोग्लोबिन, शुगर आणि थायरॉईड पाहिलं, आणि आपल्या विदर्भात तर सिकलसेल आहे का हे विचारायलाच पाहिजे, कारण त्या पेशंटच्या छातीत दुखलं आणि श्वास लागला तर ती वेगळीच इमर्जन्सी असते.

एक गोष्ट मात्र कोणी करू नका, तोंडावर पिशवी धरून श्वास घ्यायला लावणं. कार्बन डायऑक्साइड परत येतो हे खरं, पण ते दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर ऑक्सिजन घसरतो, यात जीव गेल्याच्या नोंदी आहेत. त्यापेक्षा जवळच्या माणसानं समोर बसावं आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला सांगावं, चार मोजत घे, सहा मोजत सोड.

पॅनिकचा जोर बहुतेक वेळा 10 मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात ओसरतो. परत परत येत असेल तर त्याला उपचार आहेत, बोलण्याचे आणि गोळ्यांचेही, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नये. नुसती झोपेची गोळी मेडिकलमधून आणून खात राहणं हा उपचार नाही, तिची सवय लागते. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि पुढच्या वेळी दुखणं वावरात काम करताना आलं, चढावर वाढलं, जबड्यात नाहीतर डाव्या हातात गेलं, थंड घाम सुटला किंवा 15-20 मिनिटांत कमीच झालं नाही, तर मागच्या वेळचा रिपोर्ट नॉर्मल होता हे त्या वेळी धरायचं नाही, 108 लावायचा आणि ईसीजी नव्यानं काढायचा.