काळजीचा गैरसमज, नवविवाहितांतील

एक जण आपुलकी कामातून दाखवतो, दुसरा शब्दांतून. त्यामुळे एकाची काळजी दुसऱ्याला काळजी म्हणून ओळखूच येत नाही, अशी स्थिती. सहवासाच्या पहिल्या काही आठवड्यांत ती विशेष जाणवते. प्रस्तुत नोंद कोकण किनाऱ्यावरील, मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, जोडप्यांपुरती आहे.

या भेदाचे श्रेय लोकप्रिय लेखनात अमेरिकन समुपदेशक गॅरी चॅपमन यांना दिले जाते. त्यांनी १९९२ मध्ये प्रेमाच्या पाच ‘भाषा’ मांडल्या. कौतुकाचे शब्द आणि सेवा या त्यांतील दोन. भेद मात्र त्याहून जुना आहे. टॉमस विल्स, रॉबर्ट वाइस व जेराल्ड पॅटरसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात जोडप्यांच्या चौदा दिवसांच्या नोंदी होत्या, आणि जोडीदाराचे वागणे ‘कामाचे’ व ‘मायेचे’ अशा दोन रकान्यांत मोडले होते. पत्नीशी अधिक मायेने वागा, असे सांगितल्यावर एका पतीने तिची मोटार धुतली; ती माया धरली जात नाही हे कळल्यावर त्याला नवल वाटले, असा प्रसंग या अभ्यासाच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. समाजशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का कॅन्सियन यांनी १९८६ मध्ये रोख उलटा केला: पतीचे चुकले असे न म्हणता, प्रेमाचे माप केवळ भावना बोलून दाखवण्यावर ठरवणेच एकांगी आहे, असे त्या म्हणतात. चॅपमन यांच्या मतानुसार दोघांची ‘भाषा’ जुळली की प्रश्न सुटतो. एमिली इम्पेट व सहकाऱ्यांच्या २०२४ च्या आढाव्यात मात्र त्या जुळणीला फारसा आधार आढळला नाही. कोकणातील उदाहरणांना कॅन्सियन यांची मांडणी अधिक लागू पडते असे दिसते.

कारण येथे ऋतूही आड येतो. वैशाखात लग्न झाले की लगेच आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी, सुरू होते. आमसुले सुकवणे, फणसाची साटे घालणे, लाकडे फोडून कोरड्यात रचणे, झावळ्यांची झापे विणणे. घरातले प्रत्येक काम घरासाठीच होत असते. मग त्यातले कोणते आपल्यासाठी झाले, हे नव्या सुनेला कळावे कसे? शब्दाला पत्ता असतो, कामाला तो नसतो. शिवाय हा माणूस एरवी कसा वागतो, याचा मागचा अंदाजही तिच्यापाशी नसतो.

नमुन्यादाखल, देवगडकडच्या एका वाडीत नांदायला आलेली, ठाण्यात वाढलेली मुलगी घेऊ. नवरा पहाटे आंबे उतरवण्यासाठी घळ घेऊन बागेत जातो, दुपारी पेट्या भरतो, रात्री ‘जेवलंस?’ एवढेच विचारतो. ती रोज संध्याकाळी म्हणते, ‘अहो, आज पेट्या किती छान भरल्यात!’ त्याला ही शहरातली बोलायची रीत वाटते. तिसऱ्या आठवड्यात तो विहिरीच्या रहाटाला तेल घालतो, काथ्याचा खरखरीत दोर काढून मऊ दोर लावतो आणि काही बोलत नाही. ‘विहीर सगळ्यांचीच,’ असे ती मनाशी म्हणते. चार दिवसांनी सासू सहज बोलून जाते, ‘तुझ्या हाताक फोड इले म्हणान बदलल्यान तो दोर.’ कामावर पत्ता तिसऱ्याच माणसाने घातला. (वडीलधाऱ्यांचे हे टपालकाम या विषयावरील लेखनात फारसे आढळत नाही.)

गैरसमज झाल्याची खूण तक्रारीच्या घडणीत सापडते. करणारा ‘एवढं केलं तरी’ म्हणून कामे मोजतो. पाहणारी ‘एक शब्द नाही’ म्हणते, पण कामे नाकारत नाही. दोघांची विधाने एकाच वेळी खरी असतात. उलट, मदत नको म्हटल्यावरही होत राहिली, किंवा मदतीबरोबर पैशाचे नि जाण्यायेण्याचे निर्णय हातातून गेले, तर तो या नोंदीचा विषय नाही. तो ताबा होय.

प्रत्येक काम बोलून दाखवावे, असाही निष्कर्ष निघत नाही. नाइल बोल्जर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये न्यूयॉर्कमधील वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या दैनंदिन नोंदी तपासल्या. जोडीदाराने दिलेला पण परीक्षार्थीला न जाणवलेला आधार मनाला अधिक मानवला, असे त्यांना आढळले. मात्र ती जोडपी एकमेकांना सरावलेली होती. लग्नाला तीन आठवडे झालेल्यांना ते जसेच्या तसे लावता येत नाही.

चाकरमान्यांच्या घरांत रजा संपल्यावर सहवासच तुटत असे. पुढे मुंबईहून येई ती मनिऑर्डर. रक्कम घराच्या नावे, आणि कूपनावर निरोपापुरती थोडी जागा. तीही बहुधा आईच्या औषधाला आणि कौलांच्या शाकारणीला पुरे.