एका चाकाचा ब्रेक आणि ओल्या वळणाचा हिशेब

१९८९ मध्ये मर्सिडीजचे अभियंते फ्रँक-वर्नर मोन स्वीडनमधल्या बर्फाळ रस्त्यावर चाचणीची गाडी चालवत होते. गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या चरात गेली. गाडीत ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस होतं. प्रत्येक चाक किती वेगानं फिरतंय हे त्याला कळत होतं, पण गाडी स्वतःभोवती फिरू लागली आहे हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. ओढून नेणाऱ्या गाडीची वाट बघताना मोन यांच्या डोक्यात विचार आला, की गाडीचं फिरणं मोजणारा जायरोस्कोप एबीएसच्या संगणकाला जोडला तर? सुरुवातीच्या प्रयोगात त्यांनी खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा जायरोस्कोप वापरला. कल्पना बरोबर होती, पण तो जायरोस्कोप फार संथ निघाला.

पुढे बॉशमध्ये अँटन व्हॅन झांटेन यांच्या नेतृत्वाखालचा गट आणि मर्सिडीजचे अभियंते एकत्र आले, आणि १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस ६०० कूपेमध्ये ही यंत्रणा बाजारात आली. कंपनीनं तिला ईएसपी म्हटलं. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असल्यामुळे आज सगळ्यांसाठी ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, हा शब्द चालतो.

ईएससीचं काम दोन आकड्यांच्या तुलनेवर उभं आहे. पहिला आकडा चालकाला काय हवंय त्याचा. स्टीअरिंगचा कोन आणि गाडीचा वेग यांवरून गाडी उभ्या अक्षाभोवती सेकंदाला किती अंश वळायला हवी, हे गणितानं काढता येतं. दुसरा आकडा गाडी खरोखर किती वळतेय त्याचा. तो गाडीच्या मध्याजवळ बसवलेल्या सेन्सरकडून येतो. ही तुलना सेकंदाला साधारण २५ वेळा होते. दोन्ही आकडे जुळत असतील तर यंत्रणा गप्प बसते. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती एखादं चाक निवडून त्याला ब्रेक लावते.

चाकाची निवड हा या यंत्रणेतला सगळ्यात सुंदर भाग आहे. गाडी डावीकडे वळतेय आणि तिची शेपूट उजवीकडे बाहेर फेकली जातेय असं समजू. म्हणजे गाडी हवी त्यापेक्षा जास्त डावीकडे फिरतेय. अशा वेळी पुढचं उजवं, म्हणजे वळणाच्या बाहेरचं चाक दाबलं जातं. त्यानं दोन गोष्टी एकदम होतात. गाडीच्या उजव्या बाजूला मागे ओढणारं बल आल्यामुळे नाक उजवीकडे परत येतं. शिवाय ब्रेकमध्ये पकड खर्च झाल्यामुळे त्या टायरची नाकाला डावीकडे ओढण्याची ताकदही कमी होते. मागचं चाक दाबलं असतं तर आधीच सुटत आलेल्या मागच्या टायरची उरलीसुरली आडवी पकडही गेली असती आणि गाडी आणखी गरगरली असती.

उलट प्रकारात स्टीअरिंग फिरवूनही नाक वळत नाही आणि गाडी सरळ पुढे घसरत जाते. तेव्हा आतलं मागचं चाक, डाव्या वळणात मागचं डावं, दाबलं जातं. पण वळताना गाडीचा भार बाहेरच्या बाजूला गेलेला असतो, त्यामुळे या चाकावर वजन कमी असतं आणि त्याच्याकडून मिळणारी मदतही मर्यादित असते. म्हणून यंत्रणा सोबतीला इंजिनाची ताकद कमी करते, आणि गरज पडली तर इतर चाकांनाही हलका ब्रेक लावते.

हे सगळं चालकाचा पाय ब्रेकवर नसताना व्हावं लागतं, आणि अडचण तिथेच होती. एबीएसच्या हायड्रॉलिक युनिटमध्ये प्रत्येक चाकासाठी दोन, असे आठ व्हॉल्व्ह असतात. पायानं दिलेला दाब अडवायचा किंवा सोडायचा, एवढंच त्यांचं काम. ईएससीला दाब स्वतः तयार करायचा असतो. त्यासाठी आणखी चार व्हॉल्व्ह आले. दोन व्हॉल्व्ह पंपानं तयार केलेला दाब ब्रेक पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे परत जाऊ देत नाहीत, आणि दोन पंपाला ब्रेक ऑइल ओढायची वाट उघडून देतात. मग ज्या चाकाला दाब हवा त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि त्याच सर्किटवरच्या दुसऱ्या चाकाचा बंद होतो. कडाक्याच्या थंडीत ब्रेक ऑइल घट्ट होतं आणि पंपाला ते पुरेशा वेगानं ओढता येत नाही. म्हणून पहिल्या पिढीत आधीच थोडा दाब देणारा एक वेगळा पंप जोडावा लागला होता.

ही महागड्या गाड्यांची चैन राहिली असती, पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स व्हर्ल्ड’ मासिकानं मर्सिडीजची नवी, छोटी ए-क्लास अचानक समोर आलेला अडथळा चुकवण्याच्या चाचणीत चालवली आणि ती उलटली. कंपनीनं विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवलं. लहान गाडीत ही यंत्रणा परवडू शकते हे त्यातून सिद्ध झालं. अमेरिकेनं २००७ मध्ये नियम केला आणि सप्टेंबर २०११ पासून सगळ्या नव्या हलक्या वाहनांना ती सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ती बंधनकारक आहे.

अमेरिकेच्या त्या नियमातली चाचणी नीट वाचण्यासारखी आहे. ताशी ८० किमीला यंत्रानं स्टीअरिंग एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवायचं, तिथे अर्धा सेकंद धरायचं आणि सरळ करायचं. सरळ केल्यावर एका सेकंदानं गाडीच्या फिरण्याचा दर आधीच्या कमाल दराच्या ३५ टक्क्यांवर आणि पावणेदोन सेकंदांनी २० टक्क्यांवर जाता कामा नये. ही चाचणी कोरड्या रस्त्यावर होते. रस्त्याचा घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.९ हवा. थोडक्यात, पकड भरपूर असताना गाडी गरगरत राहणार नाही, याची हमी ही चाचणी मागते. पकडच कमी असेल तर काय, हा प्रश्न त्यात येत नाही.

तो प्रश्न ओल्या रस्त्यावर येतो. ८० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येनं भागलं की वळणावर टिकायला लागणारं आडवं त्वरण मिळतं : ६.२ मी/से². कोरड्या रस्त्यावर ०.९ गुणांकाला गुरुत्वत्वरणानं, म्हणजे ९.८ नं, गुणलं की जवळपास ८.८ उपलब्ध असतं, त्यामुळे वळण सुखरूप पार पडतं. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.५ धरला तर जास्तीत जास्त ४.९ मिळतं. एवढ्या पकडीत या वळणावर टिकणारा सर्वाधिक वेग ताशी ७१ किमी आहे.

आता ईएससीच्या आत डोकावू. चालकानं स्टीअरिंग ८० मीटरच्या वळणासाठी फिरवलं आहे, म्हणजे त्याला सेकंदाला १६ अंश वळायचंय. पण ४.९ च्या पकडीत या वेगाला १२.७ अंशांपेक्षा जास्त दर टिकूच शकत नाही. सॉफ्टवेअर १६ अंशांचा हट्ट धरत नाही. तसा धरला तर गाडीचं नाक आत वळेल, पण गाडी मात्र आडवी होऊन बाहेरच घसरत जाईल. म्हणून यंत्रणा आपलं लक्ष्यच उपलब्ध पकडीपर्यंत खाली आणते. भौतिकशास्त्राची मर्यादा तिच्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेली आहे. ती गाडीला चालवण्याजोगी ठेवते, पण वळणाची मागणी पूर्ण करू शकत नाही.

मग ती उपयोगी कशी पडते? वेग कमी करून. टायरची पकड वळण आणि ब्रेक यांच्यात वाटली जाते, पण ही वाटणी सरळ वजाबाकीची नसते. दोन्ही बलं काटकोनात असल्यामुळे तिथे पायथागोरस लागू होतो. वळणासाठी ९० टक्के पकड ठेवली तरी ब्रेकसाठी सुमारे ४४ टक्के मिळते. आपल्या उदाहरणात ते २.१ मी/से² होतं. या वाटणीनं सगळं अगदी आदर्श चाललं असं धरून ढोबळ गणित मांडलं, तर ताशी ७५ किमीनं वळणात शिरलेली गाडी आपल्या रेषेपासून सुमारे ६० सेंमी बाहेर जाते आणि सावरते. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये १.८ मीटर रुंद गाडीला प्रत्येक बाजूला ८५ सेंमी मोकळे असतात, म्हणजे ती लेनमध्येच राहते. ताशी ८० ला शिरलेली तीच गाडी सुमारे तीन मीटर बाहेर जाते. पाच किलोमीटरच्या फरकानं लेन सुटते, आणि खऱ्या रस्त्यावर चारही टायर एकाच वेळी इतके आदर्श कधीच वागत नाहीत.

दुसरी अडचण अशी, की रस्त्याचा गुणांक किती आहे हे ईएससीला आधी माहीत नसतं. गाडीला मिळणारं आडवं त्वरण मोजून ती तो ओळखते. म्हणजे पकड संपत आल्यावरच तिला ती किती होती ते कळतं. पुढच्या वळणावर साचलेलं पाणी तिला दिसत नाही.

आणि टायर पाण्यावर तरंगू लागला तर वाटून द्यायलाही काही उरत नाही. तरंगण्याचा वेग मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. पुरेसं पाणी आणि गुळगुळीत टायर असेल तर नासाच्या संशोधनातून आलेल्या सूत्रानं २२० किलोपास्कल, म्हणजे ३२ पीएसआय दाबाला, ताशी सुमारे ९४ किमीवर टायर पाण्यावर चढतो. हवा कमी असेल तर त्याआधीच. चांगल्या खाचा पाणी बाहेर ढकलतात म्हणून ही वेळ लांबते; झिजलेल्या टायरला ती सवलत नसते. तरंगणाऱ्या चाकाला ईएससीनं ब्रेक लावला तर चाक लगेच थांबू लागतं, एबीएस दाब सोडून देतं, आणि गाडीच्या दिशेत काहीच फरक पडत नाही. स्टीअरिंग हलकं पडणं ही चालकाला मिळणारी खूण. अशा वेळी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि टायर रस्त्याला टेकण्याची वाट बघायची.

डॅशबोर्डवरचा घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला तर यंत्रणा त्या क्षणी काम करतेय, म्हणजे पकडीच्या टोकावर गाडी पोहोचली आहे. ओल्या रस्त्यावर साध्या वळणालाही तो लुकलुकत असेल तर वेग त्या टायरांना झेपणारा नाही. तो कायम पेटून राहिला तर यंत्रणा बंद आहे. बहुतेकदा एखाद्या चाकाचा वेग-सेन्सर किंवा त्याची वायर गेलेली असते. व्हील अलाइनमेंटनंतर हा दिवा लागला, किंवा सरळ रस्त्यावर विनाकारण एका चाकाचा ब्रेक धरल्यासारखा वाटला, तर स्टीअरिंग कोनाच्या सेन्सरचा शून्य पुन्हा लावून घ्यावा लागतो. कारण तो कोन चुकला, की चालकाला कुठे जायचंय याबद्दलचा यंत्रणेचा पहिला आकडाच चुकतो.