पहिल्या आठवड्याची ऑनबोर्डिंग योजना

संघात नव्याने रुजू होणाऱ्या व्यक्तीसाठी तिच्या मॅनेजरने आधीच लिहून ठेवलेली, पहिल्या पाच कामाच्या दिवसांची आखणी. मनुष्यबळ विभागाच्या इंडक्शनशी तिची गल्लत होते. इंडक्शनमध्ये कागदपत्रे, पगाराचे खाते आणि रजेचे नियम असतात, आणि ते सर्व विभागांना सारखेच लागू असते. ही योजना मात्र एकाच संघाच्या, एकाच जागेच्या कामाची असते, म्हणून ती मॅनेजरनेच करावी लागते.

नवख्याला संस्थेत सामावून घेण्याच्या पद्धतींची मांडणी जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये केली. नवखा एकटा शिकतो की गटात, ठरलेल्या क्रमाने शिकतो की जमेल तसे, शिकवायला आधीचा अनुभवी माणूस असतो की नसतो, असे भेद त्यांनी केले. मॅनेजर योजना लिहितो तेव्हा यांतल्या क्रमाचा आणि अनुभवी सोबत्याचा निर्णय तो आधीच घेऊन टाकतो.

योजनेचे खरे काम रुजू होण्याच्या आधीच्या आठवड्यात होते. लॅपटॉप आणि ईमेल खाते सहसा वेळेवर मिळते. अडते ते परवानग्यांपाशी. संघाबाहेरच्या कोणाची तरी मंजुरी लागणारी प्रत्येक परवानगी काही दिवस खाते. त्यामुळे ‘सगळे अ‍ॅक्सेस द्या’ एवढेच आयटी विभागाला कळवून भागत नाही. कोणती प्रणाली, कोणत्या स्तराची परवानगी, मंजुरी कोणाची, अशी यादी करावी लागते. ‘अमुक सहकाऱ्यासारखेच अ‍ॅक्सेस द्या’ हा नेहमीचा आडमार्ग आहे. त्या सहकाऱ्याकडे जुन्या प्रकल्पांच्या नको असलेल्या परवानग्याही साचलेल्या असतात आणि त्या नवख्याच्या गळ्यात पडतात. खाते उघडले म्हणजे परवानगी मिळाली असेही नाही. लॉगिन होते, पण नेमका हवा तो तक्ता उघडत नाही. ही चूक पहिल्या दिवशीच पकडायची असेल, तर सोमवारी नवख्याने प्रत्येक प्रणालीत शिरून एखादी खरी फाइल किंवा तक्ता उघडून पाहावा, असे योजनेत लिहिलेले असावे.

योजनेतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग म्हणजे पहिले काम. ते खरे हवे, लहान हवे, चुकले तरी सहज परत फिरवता येणारे हवे, आणि संघाचे काम ज्या टप्प्यांतून जाते त्या सर्वांतून जाणारे हवे. समजा, डेटा विश्लेषक रुजू होत आहे आणि संघाच्या साप्ताहिक विक्री अहवालात ‘परत आलेल्या मालाचा’ एक स्तंभ वाढवायचा आहे. सोमवारी परवानग्यांची तपासणी. मंगळवारी आधीचा अहवाल तयार होताना ती सहकाऱ्याशेजारी बसून पाहते. बुधवारी स्वतः क्वेरी लिहिते. गुरुवारी सहकारी ती तपासतो, आणि परतावा विक्रीच्या तारखेला मोजायचा की माल परत आल्याच्या तारखेला, हा प्रश्न निघतो. उत्तर वित्त विभागाकडे असल्याने तिथल्या माणसाशी तिची ओळख कामातूनच होते. शुक्रवारी नवा स्तंभ अहवालात जातो. काम एका स्तंभाचे, पण डेटा कुठून येतो, तपासतो कोण आणि वापरतो कोण, हे तिला कळलेले असते.

याउलट अनेक योजना ओळखीच्या बैठकांनी खच्चून भरलेल्या असतात. एका दिवसात सहा जणांनी अर्धा-अर्धा तास आपापले काम सांगितले, तर संध्याकाळपर्यंत नावेही लक्षात राहत नाहीत. दिवसाला दोन भेटी पुरतात, त्याही पहिल्या कामात ज्यांची गरज पडेल त्यांच्याशीच. बाकीचे पुढे भेटतातच.

सोबती (बडी) नेमताना त्याच्या कामातला तेवढा वेळ मोकळा करावा लागतो. अनेक मॅनेजर हे विसरतात. सोबती स्वतःच डेडलाइनखाली असेल, तर नवखा त्याला त्रास नको म्हणून प्रश्न गिळतो. बुधवार उलटूनही एकही प्रश्न आला नाही, तर सगळे सुरळीत आहे असे समजू नये. बहुधा नवखा कुठेतरी अडकून गप्प बसलेला असतो. अशा वेळी ‘काही अडचण?’ असे विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘आत्ता स्क्रीनवर काय आहे, दाखव’ म्हटले की अडचण दिसते.

शुक्रवारी मॅनेजर आणि नवख्याची अर्ध्या-पाऊण तासाची भेट असते. ती मूल्यमापनासाठी नसते. कोणती परवानगी अजून आलेली नाही, कोणते दस्तऐवज जुने निघाले, पुढच्या आठवड्यात काय, एवढेच तिथे बोलायचे. जुन्या निघालेल्या दस्तऐवजांची दुरुस्ती काही संघ नवख्याकडेच सोपवतात, कारण कुठे अडखळायला होते हे त्या आठवड्यात त्याच्याइतके कोणालाच दिसत नाही. महिन्याभरात त्यालाही ते दिसेनासे होते.