डाय यील्ड व प्रति-डाय खर्च

वेफर म्हणजे सिलिकॉनची गोल चकती आणि डाय म्हणजे तिच्यावर तयार होणारी एकेक चिप. वेफरवरील एकूण डायपैकी चाचणीत चांगल्या ठरणाऱ्या डायचे प्रमाण म्हणजे डाय यील्ड. तयार वेफरच्या खर्चाला चांगल्या डायच्या संख्येने भागले की प्रति-डाय खर्च मिळतो. पॅकेजिंगचा खर्च त्यात येत नाही.

वेफरचा व्यास d आणि डायचे क्षेत्रफळ S असल्यास डायची संख्या साधारणपणे अशी काढतात :

```
N = π(d/2)²/S − πd/√(2S)
```

दुसरे पद कडेला तुटक राहणाऱ्या डायची वजावट करते. कापण्यासाठी सोडलेल्या पट्ट्या यात धरलेल्या नाहीत. 400 चौ. मिमी.च्या डायसाठी 200 मिमी. वेफरवर 56, तर 300 मिमी. वेफरवर 143 डाय बसतात. वेफरचे क्षेत्रफळ 2.25 पट वाढते, पण कडेची नासाडी त्या मानाने कमी असल्याने डाय अडीच पटींहून थोडे जास्त मिळतात.

यील्डच्या सूत्राबाबत मात्र एकमत नाही. दोष वेफरभर स्वैर पडतात असे मानल्यास प्वासाँ सूत्र लागू होते (Y म्हणजे यील्ड, A म्हणजे डायचे क्षेत्रफळ चौ. सेंमी.मध्ये, D म्हणजे दोष घनता, दर चौ. सेंमी.ला) :

```
Y = e^(−A·D)
```

प्रत्यक्षात दोष पुंजक्यांनी पडतात. एकाच डायवर अनेक दोष पडले तरी वाया जातो तो एकच डाय. म्हणून मोठ्या डायसाठी हे सूत्र फार निराशावादी ठरते. बेल प्रयोगशाळेतील मर्फी यांनी 1964 मध्ये दोष घनता जागोजागी बदलते असे धरून सूत्र सुधारले. पुढे आयबीएममधील स्टॅपर यांनी ऋण द्विपद सूत्राचा पुरस्कार केला :

```
Y = (1 + A·D/α)^(−α)
```

α जितका लहान, तितके दोष जास्त पुंजक्यांत. तो चांगले-वाईट डाय दाखवणाऱ्या वेफर-नकाशांवरून ठरवता येतो, म्हणून हे सूत्र अधिक ग्राह्य वाटते.

300 मिमी. वेफरचा खर्च 8 लाख रुपये मानू. D = 0.1 असता, प्वासाँ सूत्राने, 100 चौ. मिमी.च्या 640 डायपैकी 579 चांगले निघतात आणि एक डाय सुमारे 1,380 रुपयांना पडतो. 400 चौ. मिमी.चे चांगले डाय 96, म्हणजे प्रत्येकी सुमारे 8,330 रुपये : क्षेत्रफळ चौपट, खर्च सहापट. इथे सूत्रांत फारसा फरक पडत नाही. पण नव्या प्रक्रियेत D = 0.5 असल्यास या मोठ्या डायपैकी प्वासाँ सूत्राने 19, मर्फी सूत्राने 27 आणि α = 2 धरून स्टॅपर सूत्राने 36 चांगले निघतात.

प्रत्येक नुकसान दोष घनतेच्या माथी मारल्यासही अंदाज चुकतो. मास्क नीट न जुळणे यासारख्या कारणांनी होणारी हानी डायच्या आकारावर अवलंबून नसते. ती ओळखण्यासाठी शेजारचे दोन-दोन, चार-चार डाय एक गट मानून गटांचे यील्ड काढतात (सगळे डाय चांगले असतील तरच गट चांगला) आणि यील्डचा लॉगरिदम क्षेत्रफळासमोर मांडतात. आलेख मागे वाढवला असता शून्य क्षेत्रफळाशी यील्ड 100 टक्के यायला हवे. ते 90 टक्के आले, तर 10 टक्के हानी आकारनिरपेक्ष आहे. 1 चौ. सेंमी. डायचे यील्ड 81 टक्के असताना हे वेगळे काढले नाही, तर 4 चौ. सेंमी. डायसाठी प्वासाँ सूत्र 43 टक्के सांगते. वेगळे काढल्यास 59 टक्के.