जर्मनीला निघालेल्या नर्सताईंसाठी: तुमचं बी-टू, दाजींचं ए-वन आणि घरच्यांना कधी न्यायचं

ऑफर लेटर हातात पडलं की आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात बहुतेक जणी एकच विचारतात: "मिस्टरांना आणि पोरीला कधी नेता येईल?" हे तुमच्या व्हिसावर कुठलं कलम आहे त्यावर ठरतं. हॉस्पिटलच्या एचआरला फोन करूनही ते बदलत नाही. म्हणून हे पत्रक घरी नेऊन दोघांनी मिळून वाचा.

तुमचा जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगचा अभ्यास जर्मन अभ्यासाशी ताडून पाहतात. याला तिकडे 'आनेरकेनुंग' म्हणतात, आपण मान्यता म्हणू. बहुतेकींच्या निकालपत्रात काही ना काही कमी निघते. ती भरून काढायला दोन वाटा आहेत: हॉस्पिटलात राहून अनुकूलन प्रशिक्षण, नाहीतर एक ज्ञानचाचणी. तोवर तुमचा परवाना कलम १६ डी खालचा असतो. तो २४ महिन्यांपर्यंत मिळतो आणि पुढे एकूण तीन वर्षांपर्यंत वाढतो. या काळात तुम्ही मदतनीस म्हणून काम करता आणि पगारही मदतनिसाचा असतो. मान्यता पूर्ण झाली की परवाना १८ ए वर जातो. मग तुम्ही पूर्ण नर्स, पगारही त्या हुद्द्याचा.

घरच्यांच्या दृष्टीने या दोन कलमांत मोठा फरक आहे. १६ डी वर असताना मिस्टरांना न्यायचं तर त्यांना जर्मन भाषेची ए-वन परीक्षा पास व्हावी लागते, पुरेशा जागेचा पुरावा लागतो आणि तुमच्या पगारात सगळ्यांचं भागतंय हे दाखवावं लागतं. १८ ए वर गेल्यावर ए-वनची आणि जागेच्या पुराव्याची अट उरत नाही. भागतंय हे मात्र तेव्हाही दाखवावं लागतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे भाषेची अट नाही.

एक उदाहरण धरू. ताई जीएनएम, मिस्टर शिरोलीच्या फौंड्रीत, मुलगी पाच वर्षांची. ताई १६ डी वर गेल्या. हॉस्पिटलने कर्मचारी निवासात अठरा चौरस मीटरची खोली दिली. एकटीला ती छान, पण कुटुंबाच्या अर्जात चालत नाही. साधारण हिशेब असा धरतात: सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला १२ चौरस मीटर, त्याखालच्या मुलाला १०. म्हणजे १२ अधिक १२ अधिक १०, एकूण ३४, आपल्या भाषेत ३६५ चौरस फुटांच्या आसपास. मुलगी सहाची झाली की ३६. फ्लॅट शोधताना ३६ च धरा, कारण अर्ज फिरता फिरता वाढदिवस येतो.

आता भाडं. जाहिरातीत जो आकडा असतो तो बहुधा 'काल्टमीटे', म्हणजे नुसतं भाडं. पाणी, हीटिंग, कचरा धरून होतं ते 'वार्ममीटे'. समजा काल्टमीटे ६०० युरो आणि वार्ममीटे ७८०. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, म्हणजे १८०० युरो. ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. म्हणजे पहिल्या महिन्यात ७८० आणि ६०० मिळून १३८० युरो बाहेर जाणार, आणि पगार अजून मदतनिसाचा! या हिशेबात ताईंचं गणित बसेना. आमचा सल्ला होता की थांबा, मान्यता होऊ द्या, पूर्ण पगारावर अर्ज करा. तेवढ्यात मिस्टरांनी इकडे ए-वन करून ठेवावं.

कायद्याने १८ ए वर लागत नाही, मग ए-वन कशाला, असं दाजी विचारतातच. एक तर मान्यता लांबली तर १६ डी ची वाट उघडी राहते. दुसरं, जोडीदाराच्या परवान्यावर त्यांना नोकरी करता येते, पण फौंड्रीतला कितीही मुरलेला माणूस असो, सुपरवायझरची सूचना कळली नाही तर त्याला भट्टीजवळ कोण उभं करणार? परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं मिळून १०० पैकी ६० लागतात.

तुमचं स्वतःचं बी-टू हीच खरी किल्ली आहे, कारण पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे तेच मागतात. गोएथेच्या बी-टूमध्ये चार भाग आहेत आणि प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. पूर्वी आम्ही काही जणींना बी-वनवर पाठवलं, उरलेलं तिकडे होईल म्हणून. ती आमची चूक होती. तीन पाळ्यांची ड्यूटी करून संध्याकाळच्या क्लासला बसणं कुणाला जमेना, मान्यता लांबली आणि घरचे इकडेच राहिले. आता आम्ही बी-टू झाल्याशिवाय तिकीट काढत नाही.

वॉर्डात भाषेची कसोटी लागते ती पाळी बदलताना, 'उबरगाबे'च्या वेळी. दहा मिनिटांत बारा पेशंट, आणि आकडे भराभर. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. जर्मनमध्ये ८३ ला 'द्राय-उंड-आख्त्सिश' म्हणतात, तीन आणि ऐंशी. आपलं त्र्याऐंशीही तसंच, एकक आधी. इंग्रजीच्या सवयीने ऐकलंत तर ८३ चे ३८ लिहून बसाल, म्हणून ऐकताना मराठीतच मोजा. फक्त २९, ३९, ४९ ला सांभाळा. आपण एकोणतीस म्हणतो, ते 'नॉयन-उंड-त्स्वान्त्सिश', नऊ आणि वीस. 'उंड'नंतर जे ऐकू येतं तो दशक, पुढचा नव्हे. मिस्टरांना फोनवर रोज वीस आकडे सांगायला लावा आणि ऐकून लिहा. क्लासपेक्षा याने जास्त फरक पडलेला आम्ही पाहिलाय.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. दहावीचे आणि नर्सिंग कौन्सिलचे कागद माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने. मांडवातले फोटो आणि पत्रिका पुरावा म्हणून चालत नाहीत, विवाह नोंदणीचा दाखला लागतो. नोंदणी केली नसेल तर आत्ताच महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करून घ्या. अर्ज भरायच्या आठवड्यात ही धावपळ नको.

आमच्याकडून काय मिळतं तेही स्पष्ट सांगतो. बी-टूपर्यंतचा क्लास आणि पहिल्या परीक्षेची फी हॉस्पिटल देतं, तुमच्याकडून आम्ही पैसे घेत नाही. मिस्टरांचा ए-वन क्लास आमच्या इथे संध्याकाळी चालतो, परीक्षेची फी त्यांची त्यांनी भरायची. पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, तेव्हा आमचा माणूस सोबत येतो. फ्लॅट शोधायला मदत करतो, पण मिळेलच अशी हमी देत नाही. करारात ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास खर्च परत मागायचं कलम असलं तर सही करण्यापूर्वी रक्कम आणि मुदत आमच्याकडून लिहून घ्या.

पुढच्या भेटीला दोघांचे पासपोर्ट, विवाह नोंदणी दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेऊन या. सगळी नावं शेजारी शेजारी ठेवून आपण अक्षर न् अक्षर जुळवू. अर्धा-पाऊण तास लागतो.