डुप्लिकेटच्या चेहऱ्यावरचे ठिपके आणि रिकाम्या जिन्याचे दहा सेकंद

वाड्याच्या लाकडी जिन्यावरून गडगडत आलेला माणूस शेवटच्या पायरीवर थांबतो आणि मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. गडगडला तो स्टंट करणारा डुप्लिकेट. पडद्यावर मात्र नायकाचा चेहरा दिसायला हवा. चेहरा बदलण्याचं काम नंतर संगणकावर होतं, पण ते जमेल की नाही हे बहुतेक वेळा सेटवरच ठरून गेलेलं असतं.

आधी ठिपके. डुप्लिकेटच्या चेहऱ्यावर चिकटवलेल्या या ठिपक्यांवरून संगणक डोक्याची हालचाल ओळखतो. त्याला हवी असते कवटीची हालचाल, त्वचेची नव्हे. म्हणून ट्रॅकिंग डॉट हाडाजवळ लावायचे: कपाळ, नाकाचा दांडा, गालाची हाडं, कानशिलं. ओठ आणि पापण्या टाळायच्या, कारण ओरडताना ते सरकतात आणि डोकंच हललं असा संगणकाचा समज होतो. सगळे ठिपके एकाच पातळीत असूनही चालत नाही. नाक पुढे, कानशील मागे, या खोलीतल्या फरकामुळेच डोकं किती अंशांत वळलं ते कळतं. मान वळल्यावर निम्मे ठिपके आड जातात, म्हणून आठ-दहा तरी लावावेत. मांडणी मुद्दाम वेडीवाकडी ठेवावी, म्हणजे डाव्या-उजव्याची गल्लत होत नाही. जबड्याच्या कडेला आणि मानेवर ठिपका नको. ती त्वचा डुप्लिकेटचीच राहणार असते, तिथला प्रत्येक ठिपका नंतर फ्रेमगणिक पुसत बसावा लागतो.

आकार अंदाजाने ठरवू नये. कॅमेरा साधारण 3 मीटरवर, सुपर 35 सेन्सर आणि 50 मिमी लेन्स असेल, तर डुप्लिकेटच्या अंतरावर फ्रेममध्ये सुमारे दीड मीटर रुंदी मावते. चित्र 3840 पिक्सेल रुंद, म्हणजे एका मिलिमीटरला अडीच पिक्सेल. 4 मिमीचा ठिपका दहाएक पिक्सेलचा दिसतो, तेवढा पुरतो. तोच कॅमेरा 12 मीटरवर नेला की ठिपका अडीच पिक्सेलवर येतो आणि त्वचेत विरून जातो.

आता मान वळण्याचा क्षण. पाव सेकंदात 90 अंश वळणाऱ्या डोक्याचं नाक सेकंदाला साधारण 60 सेंटिमीटर वेगाने जातं. 25 फ्रेमला नेहमीचं 1/50 सेकंदाचं शटर ठेवलं, तर प्रत्येक फ्रेममध्ये नाकावरचा ठिपका तीसएक पिक्सेल फासला जातो. ठिपक्याचा ओरखडा होतो. 1/100 ने तो निम्म्यावर येतो, पण मग हालचाल जराशी खडबडीत दिसते. हा निर्णय छायालेखकाशी बोलूनच घ्यायचा. घामाने ठिपका निखळला तर नवा कुठेतरी चिकटवून भागत नाही. सकाळी काढलेला फोटो समोर धरून त्याच जागी लावायचा आणि पुन्हा फोटो काढायचा.

दुसरी गरज क्लीन प्लेटची, म्हणजे त्याच चौकटीचं माणसाविना चित्रण. डुप्लिकेटचे केस फुगलेले, कान मोठे असू शकतात. नायकाचं डोकं त्यावर बसवलं की कडेने जुनं डोकं डोकावतं. ते पुसायचं तर मागचा जिना हवा, आणि तो माणसाने झाकलेला असतो. दहा सेकंद रिकामा जिना शूट केला की हा प्रश्न मिटतो. एकच फ्रेम का नको? अडीचशे फ्रेमची सरासरी काढली की चित्रातला नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, जवळजवळ नाहीसा होतो. स्वच्छ पाटी मिळते, मग तिच्यावर टेकच्या बरोबरीचा ग्रेन चढवता येतो.

इथली नेहमीची चूक फोकसची आहे. माणूस बाजूला झाला की फोकस पुलर सवयीने मागच्या भिंतीवर फोकस आणतो. प्लेट सुरेख, धारदार येते आणि निरुपयोगी ठरते, कारण टेकमध्ये भिंत धूसर होती. फोकस माणसाच्या अंतरावरच राहू द्यायचा. ॲपर्चर, व्हाइट बॅलन्स, ट्रायपॉड यांनाही हात लावायचा नाही. चौकातून उन्हाची तिरीप जिन्यावर येत असेल, तर जेवणानंतर घेतलेली प्लेट वाया गेलीच समजा. ओके टेकनंतर लाइटमननी दिवे हलवायच्या आत ती घ्यायची, आणि सहायक दिग्दर्शकाने त्यासाठी दोन मिनिटं वेळापत्रकात आधीच धरून ठेवायची. कॅमेरा पॅन होत असेल तर रिकाम्या सेटवर तोच पॅन जरा सावकाश करावा. ब्लर कमी येतो आणि फ्रेम जुळवणं सोपं जातं.

शेवटी नायकाला कॅमेऱ्यासमोर बसवून त्याचा चेहरा चित्रित करायचा. तो डुप्लिकेटचा टेक मॉनिटरवर पाहून तीच मान वळवतो. एकवेळ लेन्स बदलली तरी निभेल, अंतर बदललं तर नाही. 1 मीटरवरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, 3 मीटरवरून चेहरा सपाट होतो. सॉफ्टवेअरने मोठं-लहान करून हा फरक जात नाही. कॅमेऱ्याची उंची आणि झुकाव टेपने आणि अँगल मीटरने मोजून लिहून ठेवलेला असावा. दिवा बरोबर बसला का, हे नाकाच्या सावलीवरून कळतं: डुप्लिकेटची सावली डाव्या ओठावर पडली असेल आणि नायकाची गालावर, तर दिवा सरकवा आणि पुन्हा घ्या.